पोस्टखालचा एकच प्रश्न

तिला ऑफिसात सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे भिंगबाई. नाव मीच ठेवलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. कंपनीत कर्मचाऱ्यांशी संवाद ठेवणाऱ्या विभागात आम्ही दोघंच. मी बातमीपत्र काढायचो, ती लोकांनी काय लिहिलंय ते वाचायची. सतरा वर्षं तिने कॅन्टीनच्या चहापासून बदल्यांपर्यंतची गाऱ्हाणी वाचली. नवऱ्याने फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी मात्र तिच्या नजरेला कधी पडायची नाही, असं तिचा नवरा मला स्वतः सांगायचा.

गेल्या वर्षी मुख्य साहेबांनी कंपनीच्या आतल्या साइटवर पोस्ट टाकली. तीन विभागांचे दोन होणार, काही जागा कमी होणार, आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत वगैरे. खाली चारशे बारा उत्तरं आली. लोकांचा आपल्यावर विश्वास आहे का, ते त्या उत्तरांवरून आठवड्याभरात सांगा, असा साहेबांचा निरोप आला.

सॉफ्टवेअरने एक्याण्णव टक्के उत्तरं अनुकूल ठरवली. मी म्हटलं, झालं काम, चला जेवायला. तिने मला वेड्यात काढलं आणि खुर्ची ओढून बसवलं. पहिली वीस उत्तरं दहा मिनिटांत आलेली, बहुतेक विभागप्रमुखांची. त्यांच्या खाली त्यांच्याच हाताखालच्यांची, जवळजवळ त्याच शब्दांत. 'प्रेरणादायी' तर साठ वेळा. कारखान्यातल्या नऊशे लोकांनी पोस्ट उघडून पाहिली होती, पण त्यांच्यातल्या जेमतेम अकरा जणांनी काही लिहिलं होतं. विभागप्रमुखाच्या डोळ्यांदेखत नावानिशी लिहायचं म्हटल्यावर दुसरं होणार काय, असं ती म्हणाली.

मग तिला ते एक सापडलं. स्टोअरमधल्या काकांनी लिहिलं होतं, 'साहेब, दोन स्टोअर एक झाल्यावर जुन्या मशिनचे सुटे भाग कुठे ठेवणार? ते ठरलेलं दिसत नाही. यादी माझ्याकडे आहे, म्हणाल तेव्हा घेऊन येतो.' सॉफ्टवेअरने ते प्रतिकूल उत्तरांत टाकलं होतं.

"अख्ख्या पोस्टखाली विश्वास आहे तो या एका माणसाचा," ती म्हणाली. "ऐकून घेतील असं वाटतंय, म्हणून तर विचारतोय ना."

तिला इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला असेल.

आमच्याकडे नियम होता, कोण बोललं ते ओळखू येऊ नये म्हणून दहापेक्षा कमी माणसांचा गट अहवालात वेगळा दाखवायचा नाही आणि कुणाचं वाक्य जसंच्या तसं द्यायचं नाही. तो नियम तिनेच मला शिकवला होता. त्या दिवशी ती अडखळली, आणि मी शहाणपणा केला. म्हटलं, साहेब आकडे वाचत नाहीत, ते वाक्यच टाक, म्हणजे त्यांना कळेल. तिने नाव काढलं आणि 'स्टोअरमधील एक अनुभवी कर्मचारी' असं लिहून वाक्य टाकलं. स्टोअरमध्ये माणसं तीन. त्यातले दोघे नवे होते.

चारशे बाराच्या ढिगात ते वाक्य कुणाच्या नजरेला पडलं नसतं. आम्ही ते उकरून वर ठेवलं. अहवाल विभागप्रमुखांच्या बैठकीत गेला. तिथे साहेबांनी स्टोअरच्या प्रमुखाला चारचौघांत विचारलं, की हे ठरलेलं कसं नाही? त्याची मान खाली गेली. महिन्याने कमी झालेल्या जागांची यादी लागली, त्यात काकांचं नाव होतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं कुणी म्हणालं नाही, आणि नाही असंही नाही.

शेवटच्या दिवशी काका आमच्या खोलीत आले, हातात ती यादी. स्टोअरमध्ये ती घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तिच्या टेबलावर ठेवली.

"ताई, तुम्ही माझं लिहिलेलं वाचलंत, बरं वाटलं," ते म्हणाले. "इथे कोण कुणाचं वाचतं?"

तिला खरं सांगायचं होतं, की ते वाक्य नियम मोडून आम्हीच वर पाठवलं. पण ती खाली मान घालून यादीची पानं सरळ करत बसली. त्यांना वाटलं बाईंना भरून आलंय, तर उलट तेच तिची समजूत घालत बसले. मी खिडकीबाहेर पाहत होतो. आजही ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पुढच्या तिमाहीला साहेबांची नवी पोस्ट आली. सॉफ्टवेअरने अठ्ठ्याण्णव टक्के दिले. तिने दोन दिवस एकेक उत्तर वाचलं, मग अहवाल लिहून साइटवरच्या अहवालांच्या पानावर टाकला. अख्खा अहवाल एका ओळीचा: 'या वेळी कुणीही काहीही विचारलेलं नाही.'

तिला वाटलं होतं, साहेब निदान बोलावून विचारतील. दहा मिनिटांत त्यांनी त्या ओळीखाली पसंतीचा अंगठा दिला. मग विभागप्रमुखांचे अंगठे आले, एकामागून एक. अंगठ्यांची रांग बरीच लांबल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. तोवर मीही देऊन बसलो होतो.