उमाशंकर सरांचा मधला शब्द

लातुरात औसा रोडवर एका मेडिकलच्या वरच्या खोलीत उमाशंकर सरांचा इंग्रजीचा क्लास होता. परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स त्यांच्याकडे यायच्या. सोळा वर्षं शिकवून सरांचा फळ्यावरचा हात इतका बसला होता की पुस्तक उघडायची गरज पडत नसे.

मार्चमध्ये सिंधु आली ती थेट टेबलापाशीच. सरांचीच विद्यार्थिनी, औशाची, एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षं नर्स. इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमाची व्हिडिओ मुलाखत देऊन बसली होती. तिने मोबाइल पुढे केला. मेलमध्ये लिहिलं होतं : कामाचं ज्ञान उत्तम, पण बोलताना शब्दांचा क्रम वारंवार चुकतो. उदाहरणादाखल, 'मी त्यांची काळजी घेते' या अर्थाचं तिचंच वाक्य होतं, "आय लुक हिम आफ्टर." असं ती चार वेळा बोलली होती. तीन आठवड्यांनी आणखी एक मुलाखत, आणि तीच शेवटची.

"सर, मी तर तुम्ही सांगितलं तसंच बोलले," सिंधु म्हणाली. "चूक कुठं हाय ते तरी सांगा."

तिने वही उघडली. सरांनीच फळ्यावर लिहून दिलेली ओळ होती, खाली दोन रेघा मारलेली : *दोन शब्दी क्रियापदात इट, हिम, हर आलं की ते नेहमी मधोमध.* त्याखाली 'पिक इट अप', म्हणजे ते उचल, आणि त्याखाली तिने स्वतः जुळवलेलं 'लुक इट आफ्टर'.

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. नियम पिक अपचा होता. तो सगळ्या क्रियापदांना लागू नाही, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. किती वर्षं सांगितलं नव्हतं?

"चूक तुझी न्हाई," ते म्हणाले. "माझी हाय."

सिंधु रडली नाही. तिने वही तशीच उघडी सरांपुढे सरकवली, आणि ते सरांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ती ड्यूटी सुटली की यायची. सर पुस्तकं काढून आधी स्वतः शिकले, मग बोलले.

"पिक द बॅग अप म्हण, पिक अप द बॅग म्हण, दोन्ही चालतं. पण बॅगच्या जागी इट आलं की फक्त पिक इट अप. पिक अप इट न्हाई."

"अन् लुक आफ्टर?"

"तिथं आफ्टर त्याच्या माणसाला धरून असतो. आपण 'त्याच्याकडे' म्हणतो, तो 'कडे' त्याच्यापासून तोडता येतो का?"

"न्हाई."

"तसंच. फक्त आपला 'कडे' मागं लागतो, त्यांचा आफ्टर पुढं. लुक आफ्टर हिम. लुक आफ्टर द पेशंट. मधे कुणालाच जागा न्हाई."

"मग अप दिसला की तो तोडता येतो असं धरू?"

सोपं उत्तर द्यायचा मोह सरांना झाला. "न्हाई. पुन्हा तसला नियम देणार न्हाई मी. डिक्शनरीत बघायचं. 'समबडी', म्हणजे 'कुणाला', हे मधे छापलंय की शेवटी, ते बघून एकेक पाठ करायचं."

पण आता सिंधुला एकही वाक्य सरळ येईना. प्रत्येक क्रियापदापाशी ती अडायची. "आधी चुकत होते, पण बोलत तरी होते," ती एकदा वही आपटून म्हणाली. "आता तोंडच उघडना. सर, जाऊ द्या."

सरांनी वही उचलून पुन्हा तिच्यापुढे ठेवली. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मुलाखत क्लासच्याच खोलीत झाली. सर जिन्यात उभे होते. मोबाइलवरच्या बाईंनी विचारलं, आजोबांचं कानातलं यंत्र खाली पडलं तर? "आय पिक इट अप, आय क्लीन इट," सिंधुचा आवाज आला. आणि आजोबांची मुलगी रडत असेल तर तिला काय सांगाल? मग काहीच ऐकू येईना. सरांनी कठडा घट्ट धरला. "आय टेल हर," सिंधु हळूहळू म्हणाली, "वी लुक आफ्टर हिम. आय लुक आफ्टर हिम."

नऊ दिवसांनी निवडीचा मेल आला. सिंधु पेढे घेऊन आली. सरांनी पेढा हातातच ठेवला. त्यांना अयोध्या नावाची मुलगी आठवत होती. मुरुडची, गेल्या वर्षीच्या बॅचमधली. मुलाखतीत शब्दांच्या क्रमावरूनच नापास झाली आणि पुन्हा आलीच नाही.

रविवारी ते मुरुडला गेले. अयोध्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहीत होती. सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक नियमाची होती, तिची नव्हती.

तिने हातातला केसपेपर पुरा केला.

"सर, मी घरी सांगितलं, मला डोकंच न्हाई. त्यांनी मानलं. मीबी मानलं." तिने पेन खाली ठेवलं. "हे वर्षापूर्वी सांगायचं होतं हो."

"तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं."

बाहेर कुणीतरी नंबर विचारत होतं. अयोध्याने पुढचा केसपेपर ओढला, नाव लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "पुन्हा फॉर्म भरायला वयाची अट किती हाय?"

सरांना तेही माहीत नव्हतं. विचारून कळवतो, म्हणाले.