जाळी काढलेला फुटव्हॉल

अर्जुनदादा माझा चुलतभाऊ, पण खरं सांगतो, लई हेकट माणूस. कुणाचं ऐकेल तर शप्पथ! तलवाड्याच्या शिवारात त्याचं रान, आन् त्यात वच्छलावहिनीची रोपवाटिका. ट्रेमधी मिरची-वांग्याची रोपं ती लेकरावानी जपायची. औंदा बचत गटाच्या बायांनी सगळी रोपं तिच्याकडंच सांगितली होती. जन्मात पहिल्यांदा लोक तिचं नाव विचारत रानात येत होते.

पाणी हौदातलं. मोटार वर, पाईप हौदात, पाईपाच्या बुडाला फुटव्हॉल आन् त्याला जाळी. व्हॉल पाणी वर जाऊ देतो, माघारी पडू देत न्हाई. जाळी कचरा अडवते. पण तिच्यावर शेवाळ बसायचं, पाणी कमी यायचं, आन् दादाला ती धुवायचा कंटाळा. एक दिवस वैतागून त्यानं जाळीच काढून फेकली. "बघ, कसं धो धो येतंय!" म्हणे.

थोड्याच दिवसांत मोटार हवा धरायला लागली. बंद केली की पाईप हळूहळू रिकामा. मग वहिनी रोज वरून बादलीनं पाईप भरायची, तवा कुठं मोटार पाणी उचलायची.

"अवो, व्हॉलमधी कायतरी अडकलंय. उपसून बघा, जाळी बी बसवा," ती म्हणायची. मी बी म्हणलो.

"दोन बादल्यांत भागतंय ना? मग कावून उगं पाईप उपसायचा?" दादाचं ठरलेलं उत्तर. बादल्या ह्याला थोड्याच ओताव्या लागत होत्या!

ऐन उन्हाळ्यात वहिनी केजला भाचीच्या बारशाला गेली. जाताना बजावलं, "लाईट गेली तर पाईप भरल्याबिगर मोटार लावू नका." दादानं सकाळी पाईप भरून मोटार लावली, ऑटोवर टाकली आन् पुढाऱ्याच्या सत्काराला गेवराईला गेला. मी बीडला गेलतो. मागं लाईट गेली, पाईपातलं पाणी हौदात उतरलं. लाईट आली, ऑटोनं मोटार आपोआप सुरू केली, आन् ती कोरडीच फिरत राहिली. सील जळालं. मग रोपांना थेंब मिळाला न्हाई.

सांजच्याला आलो तर ट्रेमधली रोपं माना टाकून पडलेली. पाईप उपसला. व्हॉलच्या झडपेत बाभळीची बारकी काडी, तिच्यापायी झडप पुरती मिटत नव्हती. मी डोक्याला हात लावला.

वहिनी आली. भांडली असती तर बरं झालं असतं. एकेक ट्रे उचलून बघितला, आन् म्हणली, "बायांना काय तोंड दाखवू?"

बायांनी दुसरीकडून रोपं नेली. वहिनीनं ट्रे रचून ठेवले, आन् आता ती लोकाच्या रानात खुरपायला जाते.

दादानं नवा व्हॉल बसवला, जाळी बसवली, ती धुतो बी. परवा गेलो तर बटन दाबून उभा होता. पाणी लगेच आलं, मोकळ्या जमिनीवरून वाहत गेलं.

"तिला म्हणलं, परत लाव. न्हाई म्हणती," तो बोलला. मला त्याला चार शिव्या हासडायच्या होत्या, पण त्याचे डोळे भरलेले.

"पाणी लई येतंय रे तानाजी," तो म्हणला. "पाजू कुणाला?"