सूतभर खाली

आमच्या ह्यांना कुणाच्या घरी नेणं म्हणजे डोक्याला ताप. माणसं आल्या-आल्या घरच्यांची विचारपूस करतात. हे स्वयंपाकघरातल्या कपाटांकडे बघत उभे राहतात. कपाटं बनवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे वाकडं दार दिसलं की ह्यांना चैन पडत नाही. आणि स्वतःच्या कामाचा ताठा तर विचारूच नका. ‘माझ्या हातचं दार कधी उतरत नाही’, हे मी लग्नापासून इतकं ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

एका रविवारी आम्ही वन्संकडे गेलो. ह्यांची थोरली बहीण. हे त्यांना अक्का म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच ह्यांना वाढवलं. आता एकट्या राहतात. मुलगा परगावी नोकरीला. ‘आई, हातून काही होईनासं झालं की घराला कुलूप आणि तू माझ्याकडे,’ असं त्यानं बजावून ठेवलेलं. पोरगा गुणाचा आहे, पण वन्संचा जीव आपल्या घरात. तो त्याच संध्याकाळी येणार होता.

त्यांचं स्वयंपाकघर दोन वर्षांपूर्वी ह्यांनीच करून दिलेलं. वरच्या कपाटांना मुठी नाहीत. खालच्या कडेला बोटं लावून दार ओढायचं. चहा-साखरेच्या कपाटाचं दार मोकळ्या बाजूनं सूतभर, म्हणजे तीनेक मिलिमीटर, खाली लोंबत होतं. ते बघून ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

“राहू दे रे, माझं काही अडत नाही,” वन्सं म्हणाल्या.

ऐकतील तर ते हे कसले? पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर निघालाच. दार उघडलं की आतल्या बाजूला बिजागऱ्या दिसतात, एक वर, एक खाली. ह्यांनी वरच्या बिजागरीचा पुढचा स्क्रू फिरवला. दाराचा माथा बिजागरीकडे ओढला गेला. खालच्या बिजागरीचा किंचित उलटा फिरवला, तसा लोंबणारा कोपरा उचलला गेला. मग मागचे स्क्रू सैल करून दार जरा आत सरकवलं, शेजारच्या दाराशी सपाट केलं आणि पुन्हा घट्ट. दहा मिनिटांत दार ओळीत.

“आता टाक चहा,” हे ऐटीत म्हणाले.

वन्सं कपाटापाशी गेल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. मग कडेला बोटं लावली. ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. त्यांच्या बोटांची पेरं सुजून आखडलेली मला तेव्हा कुठे दिसली. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाऊन मी आंधळीच, दुसरं काय.

“अक्का, वरच्या स्क्रूवर सुरीचे ओरखडे आहेत,” हे हळूच म्हणाले. “मला वाटलं, कुणी तरी अर्धवट शहाण्यानं हात घातलाय.”

“मीच ती,” वन्सं म्हणाल्या. “चिमटीत काही धरता येत नाही रे. मुठीत सुरी धरून तो स्क्रू फिरवला. कोपरा खाली आला की बोट अडकवता येतं.”

“मग मला सांगायचंस. मुठी लावून दिल्या असत्या.”

“आणि पोरानं विचारलं, मुठी कशाला लावल्या, तर काय सांगू? रडायला येतं मला तिकडे जायच्या विचारानं. अजून माझं मी करते. करू देत मला.”

ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला. स्टुलावर चढले. ह्या खेपेला बिजागऱ्यांच्या कपाटावर बसवलेल्या पट्ट्यांचे स्क्रू सैल केले, दार सरळ धरून सबंधच सूतभर खाली घेतलं आणि आवळलं. एकच दार खाली दिसलं असतं, म्हणून वरची आठही दारं तशीच घेतली. मान दुखायला लागली तरी थांबले नाहीत. “आता उघड,” म्हणाले. वन्संनी वाकडं बोट अडकवलं आणि दार उघडलं. मग दुसरं. आठही उघडून बघितली बाईनं.

भाचा आला. हात धुवायला आत गेला आणि मामाचाच भाचा, नजर तीच.

“मामा, वरची दारं कपाटाच्या खाली का उतरलीत सगळी?”

वन्संचा डबा हातातच राहिला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चहाच्या कपात बघत होते.

“माप चुकलं माझं,” हे म्हणाले. “वय झालं रे आता.”

“तुमचं माप?” भाचा हसला. “आता सगळ्यांना सांगतो बघा.”

“सांग की,” हे म्हणाले.