मागे राहिलेला आवाज

आमच्या ख्रिस्ती देवळात उपासनेची सुरुवात उभं राहून होते. पाळक स्तुतीच्या स्तोत्रातली एक ओळ वाचतात, पुढची आम्ही सगळे मिळून म्हणतो. ते म्हणतात, "देवाचे आभार माना, तो चांगला आहे." आम्ही म्हणतो, "त्याची दया सर्वकाळ टिकते." पुढे त्यांच्या ओळीत आकाश येतं, समुद्र येतो, सूर्य-चंद्र येतात. आमचं उत्तर मात्र तेच.

शेवटच्या बाकावरचे योहानकाका या उत्तरात नेहमी मागे पडायचे. सगळ्यांचं संपलं की त्यांचं एकट्याचं "टिकते" सावकाश यायचं. जुने पाळक तेवढं थांबत आणि मगच पुढची ओळ घेत. काका वारले, तरी ते थांबतच राहिले. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गेल्या रविवारी नवे पाळक आले. आमचं उत्तर संपताच त्यांनी पुढची ओळ उचलली. कुणाला तरी बोलता बोलता गप्प केल्यासारखं वाटलं.

उपासनेनंतर दारापाशी काकांच्या पत्नी, मार्थाकाकू, त्यांना म्हणाल्या, "पाळकसाहेब, जरा थांबत जा. सगळ्यांचं होऊ द्या."

"कुणाचं राहिलं होतं?"

काकूंनी हसून शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

आज ते प्रत्येक ओळीला थांबले. त्या शांततेत फक्त पंखा कुरकुरत होता. मागे वळून कुणी पाहिलं नाही. शेवटच्या उत्तरानंतर पाळकांची ओळ उरत नाही, आम्ही लगेच खाली बसतो.

आज कुणी बसेना.