एका बैठकीत लिहिलेली वही

वजनासाठी यवतमाळच्या दवाखान्यात गेले, तर आहारतज्ज्ञ बाईंनी वही दिली. जे खाल ते तेव्हाच लिहा. वेळ, जागा, सोबत कोण तेही. मी राळेगावची शिक्षिका. आठवड्याची वही मी पुढच्या खेपेला जाताना बसमध्येच भरली.

बाईंनी पानं उलटली. सातही दिवसांचं अक्षर बसच्या हिसक्यांनी सारखंच वाकडं आलेलं. "मॅडम, पोरांची अशी वही चालवून घेता काय?"

मला राग आला आणि रागातच खरं बोलून गेले. सकाळी उपाशी जाते. शाळेतून आल्यावर घरी कोणी नसतं, तेव्हा उभ्याउभ्या शंकरपाळ्यांचा डबा संपवते. पोट दुखतं तरी हात थांबत नाही.

"किती वेळा?"

"आठवड्यातून तीनदा. वर्ष झालं."

"नंतर मुद्दाम उलटी करता? जुलाबाच्या गोळ्या?"

"नाही."

"हा हावरटपणा नाही, मॅडम. आजार असू शकते. मानसतज्ज्ञ बाईंना कळवू काय? आत्ता सांगितलं ते मी याच वहीत लिहून देते, त्या वाचतील, पुन्हा पहिल्यापासून सांगा लागणार नाही. अन् सकाळी उपाशी राहू नका."

मी हो म्हटलं. कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

परतताना बसस्टँडवरच्या गर्दीत बसून पोहे खाल्ले, आणि तिथंच वही काढली. 'सोबत कोण?' या रकान्यात लिहिलं: सगळे.