सोप्या प्रश्नांचा रकाना

नसीम मॅडमचा संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा गुणवार आराखडा, संगणकावर टाइप करताना मी 'सोपे' आणि 'कठीण' या रकान्यांतले आकडे उलटे भरले. सोप्या प्रश्नांना आठऐवजी चार गुण आले, कठीणला चारऐवजी आठ. मध्यमचे आठ तसेच राहिले आणि उभी-आडवी बेरीज वीसच होती, म्हणून मुख्याध्यापकांनी सही ठोकली. त्यावरून नववीची गणिताची घटक चाचणीही मीच काढली.

मॅडम जळकोटच्या आमच्या शाळेत अठरा वर्षं आहेत. कुठल्या धड्याला किती गुण, किती वस्तुनिष्ठ, किती लघुत्तरी हे त्या पेन्सिलीनं आधी आखतात. पासिंग सातला, म्हणून सोपे आठ ठेवतातच.

यंदा त्यांचा जीव नववीतल्या सारिकात होता. "गणितात पास झाली तर शिकवतो, न्हायतर बास," असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. तिला पाच पडले. मी चूक कबूल केल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, बीएडला तुमचा पेपर कोणी काढला होता? लई सोपा असंल."

फेरचाचणीचं सांगायला आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "मॅडम, पोरीला कालच मामाकडं धाडली. आता न्हाय यायची."

मुख्याध्यापकांपुढं मॅडमनी चूक स्वतःची सांगितली. मी शेजारीच उभा होतो. खरं काय ते मुख्याध्यापकांना सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.