नाकाला माती लावलेलं विमान

जानेफळच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि मीही नवी होते. अकोल्याहून बी.एस्सी. होऊन आलेली, वेणी घालणारी, एकटी खोली घेऊन राहणारी बाई म्हणजे गावाला मोठा चर्चेचा विषय होता. मी कोणत्या दुकानातून काय घेते हेही लोकांना माहीत असायचं. त्याचं मला काही वाटत नसे. मला राग यायचा तो फक्त एका गोष्टीचा. नववीत पोहोचलेल्या मुलींना विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकांवर बसवायचे आणि प्रयोगाच्या टेबलाभोवती मुलं उभी राहायची. मुलींनी मुलांच्या खांद्यांमधून जमेल तेवढं बघायचं.

हेडमास्तर साठीकडे झुकलेले, शिस्तीचे, पुण्याकडचे. त्यांनी शाळेत विज्ञानाचा एक दिवस साजरा करायचं ठरवलं. गावातल्या लोकांना बोलवायचं, प्रयोग दाखवायचे, शाळा समितीच्या अध्यक्षांना पुढं बसवायचं. माझ्या वाट्याला विषय आला, 'पाणी गाळून उकळून प्यावे'.

"तो तुमच्या मुलींना उपयोगाचा आहे," हेडमास्तर म्हणाले.

मी विषय परत केला. म्हटलं, मी कागदाचं विमान कसं उडतं ते सांगणार आहे.

त्यांनी चष्मा काढला. "बाई, कागदाची विमानं उडवली म्हणून परवाच मी नववीच्या एका मुलीला वर्गाबाहेर उभं केलं. आणि तुम्ही तेच व्याख्यानात दाखवणार?"

"हो. त्या मुलीलाही सोबत घेणार."

मी त्यांना पटवत बसले नाही. मी फक्त सांगितलं की विषय बदलला तरच बोलेन, नाहीतर माझं नाव कार्यक्रमातून काढून टाका. नाव काढलं तर अध्यक्षांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी चिडून होकार दिला, पण एक अट घातली. विमान फेकायचं काम मुलं करतील. मुली बसून बघतील.

त्या अटीवर मी त्या वेळी काहीच बोलले नाही. गप्प राहिले, एवढंच.

शिक्षा झालेली मुलगी साखरखेर्ड्याकडून मामाच्या घरी शिकायला राहिलेली होती. उंच, सडपातळ, बोलायला चटकन पुढे येणारी. मी तिला विचारलं, "तुझं विमान तुला नीट का उडवता येत नव्हतं?"

"माईत नाई बाई," ती म्हणाली. "वर जाते, थांबते, अन् शेपटीवर पडते. काऊन पडते ते सांगाल का?"

म्हणजे कुतूहल तिच्यात होतं. मग सुट्टीच्या दुपारी तीन-चार मुली आणि मी शाळेच्या मागच्या मैदानात गेलो. मोठा कागद मधोमध दुमडून, रुंद पंख सोडून सरळ साधं विमान बनवलं. नाकाकडे कागद जास्त दुमडला नाही, मुद्दामच. अशा विमानाचं वजन साधारण मध्यावर असतं. ते फेकलं आणि तिनं सांगितलेलं तसंच झालं. मग मी नाकाच्या घडीत विहिरीकाठच्या ओल्या काळ्या मातीची छोट्या बोराएवढी गोळी दाबून बसवली. ते विमान हळूच सोडलं. ते सरळ घसरत, पुढं पुढं जात मैदानाच्या त्या टोकाला चारा खाणाऱ्या म्हशीपाशी उतरलं. म्हैस उठून उभी राहिली. पोरी टाळ्या वाजवत धावल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये गर्दी झाली. गावातले शेतकरी, किराणा दुकानदार, लोहारकाम करणारे चाचा, मुलांच्या आया, सगळे. मुलांनी विजेची घंटा वाजवून दाखवली. मग माझं नाव पुकारलं गेलं. शेडच्या एका टोकाला मोठं टेबल, त्यावर माझी विमानं. समोर पहिल्या रांगेत अध्यक्ष बसले होते. बारमाही ओलिताची शेती असलेला, तोंडावर सरळ बोलणारा माणूस.

मी पहिलं विमान, मातीशिवायचं, उभ्या उभ्याच सोडलं. ते वर गेलं, थांबलं आणि शेपटीवर आदळलं. हशा पिकला. मी म्हटलं, "आता मी याला वजन लावणार आहे. वजनानं आधीसारखंच पडेल, लवकर पडेल, की जास्त जाईल?"

बहुतेकांचे हात "लवकर पडेल" ला वर गेले. अध्यक्षांनी हातही वर केला आणि ते बोललेही.

"बाई, जड केलं तं लवकर पडन नं? जड चीज उडते काय?"

मी नाकाला मातीची गोळी लावली. आणि आता विमान उंचावरून सोडायचं, म्हणजे ते किती दूर जातं ते सगळ्यांना दिसेल. मी त्या मुलीला म्हटलं, "ये, टेबलावर चढ."

मुलीनं चप्पल काढली. तेवढ्यात हेडमास्तर उठले.

"बाई, ठरलं होतं. मुली बसून बघतील. मुलाला बोलवा."

मी म्हटलं, "ठरलं नव्हतं. तुम्ही ठरवलं होतं, मी गप्प राहिले होते."

"सगळ्या गावासमोर?" त्यांचा आवाज खाली आला. "मुलीला गावासमोर टेबलावर उभं करणार?"

मुलगी मध्येच अडकली. कार्यक्रमासाठी गावाहून आलेली तिची आई शेवटच्या रांगेत होती. आईकडे बघून तिनं पाय मागे घेतला. ती मला म्हणाली, "राहू द्या बाई, मले बोलतीन."

मी पदर कमरेला खोचला. स्टूल ओढलं आणि टेबलावर चढले. खाली सगळ्या गावाची तोंडं वर झालेली. कोणी तरी "अरे बापरे" म्हणालं. मी वर उभी राहून हेडमास्तरांकडे बघितलं आणि म्हटलं, "मुलीवर तुमचा हुकूम चालतो. माझ्यावर चालतो का, ते नंतर ठरवू. आता मला सांगू द्या."

विमान मी हळूच सोडलं. ते सरळ निघालं. अध्यक्षांच्या डोक्यावरून, मधल्या रांगांवरून, मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या आयांपर्यंत. एका बाईनं ते अलगद पदरात झेललं. शेड गरजलं.

अध्यक्ष हसले नाहीत. ते उभे राहिले.

"म्हणजे जड झालं म्हणून जोर आला. दगड बी जड असते, लांब जाते."

"जड झालं म्हणून नाही," मी म्हटलं. "कुठं जड झालं, त्यानं फरक पडतो. अशीच गोळी मी दुसऱ्या विमानाच्या शेपटीला लावते. तेवढंच वजन, फक्त जागा वेगळी."

"लावा."

मी लावली. फेकलं. विमान एका श्वासात मागे उलटलं, गिरकी घेऊन टेबलाच्या पायाशीच पडलं. आता कोणी हसलं नाही. सगळे बघत होते.

मी दोन विमानं दोन्ही हातांत घेऊन, पंखांखाली बोट धरून, तोलून दाखवली. मातीशिवायचं मध्यावर तोललं. नाकाला माती असलेलं, आयांकडून परत आलेलं, पुढच्या भागात तोललं. मी सांगितलं, "हवा पंखाला खालून वर उचलते. ती उचल पंखाच्या पुढच्या भागातच जास्त लागते. वजन जर तिच्या मागं असेल, तर उचल नाक वर करते. नाक वर झालं की वेग मरतो, वेग मेला की हवा उचलत नाही, आणि विमान पडतं. वजन उचलीच्या पुढं आणलं की उलटं होतं. नाक जरा वर गेलं की उचल वाढते, ती मागून शेपूट वर करते, नाक परत खाली येतं. विमान स्वतःच सावरतं. हे विमान उडत नाही, खरं तर घसरतं. उतारावर बैल सोडून दिलेली गाडी जशी पुढं जाते तशी. वजनच तिला ओढतं."

"मग आणखी माती लावली तं आणखी लांब जाईन?" अध्यक्षांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मला हरवायला विचारला नव्हता, हे मला कळलं. त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"बघू." मी दुसरी गोळी दाबली. विमान नाक खाली करून थेट जमिनीत घुसलं.

तेव्हा खालून ती मुलगी बोलली. "बाई, पंखाची मागची कड जराशी वर वळवा नं. आपण मैदानात केलं होतं."

"तूच वळव आणि तूच सोड." मी टेबलावरून हात पुढे केला.

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली नाही, ती तिच्याकडेच बघत राहिली. मुलगी हात धरून वर आली, माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं कड किंचित वर वळवली. त्या वळणामुळे मागून जाणारी हवा पंखाचा मागचा भाग खाली दाबते आणि नाक उचलून धरते. तिनं विमान सोडलं. पहिल्यापेक्षा वेगानं, पण नाक सावरून, ते शेडच्या दारातून बाहेर गेलं. बाहेर मुलं त्याच्यामागे ओरडत पळाली.

हेडमास्तर बसून होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे टेबल मजबूत हाय, दोघींले बी सांभाळलं." लोक हसले. पण त्या हसण्यात माझ्यावर हसणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. माफी मागा, म्हणाले. गावासमोर त्यांचा अपमान झाला होता, आणि शाळेत शिक्षक टेबलावर चढतात असं गावात बोललं जात होतं. मी म्हटलं, "व्याख्यानात चुकीचं काही सांगितलं असेल तर सांगा, दुरुस्त करीन. टेबलावर चढल्याबद्दल माफी मागणार नाही. तुम्ही मुलीला चढू दिलं असतं तर मला चढावं लागलं नसतं."

त्यांनी त्या वर्षी मला कुठल्याही कार्यक्रमात बोलू दिलं नाही. पगार आला, तास चालू राहिले, मी कुठं गेले नाही. माझ्या तासाला मात्र मी बाकं हलवली. प्रयोगाचं टेबल मध्ये आणलं आणि एका बाजूला मुलं, एका बाजूला मुली उभ्या केल्या. हेडमास्तर दारातून बघून गेले.

पुढच्या वर्षी त्या मुलीनं आणि आणखी दोघींनी मॅट्रिकसाठी विज्ञान घ्यायचा अर्ज केला. हेडमास्तर म्हणाले, मुलींसाठी जागा नाही. मी म्हटलं, माझ्या टेबलाशी जागा आहे. त्यांनी सही केली. खूप वर्षांनी शेगावच्या स्टेशनवर ती मला भेटली. नागपूरच्या गाडीची वाट बघत होती, सोबत तिची लेक. तिनं लेकीला सांगितलं, "ह्याच त्या बाई." लेकीनं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्ही खरंच टेबलावर चढल्या होत्या काय?"

"हाव," मी म्हटलं, "आणि तुझी आई पण."